एका तांब्याच्या गोळ्यातून ६० शंकू आणि १०० मीटर तार: कागदावर ८ मीटर शिल्लक, प्रत्यक्षात तूट

गोळा भरीव आहे, तांब्याचा आहे आणि त्याचा व्यास १२ सेंमी आहे. तो वितळवून ६० छोटे शंकू ओतायचे आहेत. प्रत्येक शंकूच्या तळाचा व्यास ३ सेंमी आणि उभी उंची ४ सेंमी. शंकू झाल्यावर जो धातू उरेल त्याची २ मिमी व्यासाची तार काढायची आहे, आणि ती किमान १०० मीटर भरली पाहिजे. एका गोळ्यात हे दोन्ही बसते का, एवढाच प्रश्न आहे.

दहावीच्या महत्त्वमापनाच्या धड्यात अशी गणिते असतात आणि ती चार ओळींत सुटतात. हेही चार ओळींत सुटते. पण त्या चार ओळींचे उत्तर हातात धरून कोणी भट्टी पेटवली, तर शेवटी तार कमी पडते, आणि गणित बरोबर असूनही पडते. ते कसे, हे पाहण्यासाठी हे प्रकरण पुरेसे आहे.

कागदावरचा हिशेब

गोलाची त्रिज्या ६ सेंमी.

गोलाचे घनफळ = (४/३) × π × ६³ = २८८π घन सेंमी

शंकूची त्रिज्या १.५ सेंमी.

एका शंकूचे घनफळ = (१/३) × π × १.५² × ४ = ३π घन सेंमी

म्हणजे सगळ्या गोळ्याचे शंकू केले असते तर २८८π भागिले ३π, बरोबर ९६ झाले असते. आपल्याला ६० हवेत, त्यांना १८०π घन सेंमी धातू लागतो. उरले १०८π.

तार ही लांबच लांब वृत्तचिती. तिची त्रिज्या १ मिमी, म्हणजे ०.१ सेंमी, आणि छेदाचे क्षेत्रफळ ०.०१π चौरस सेंमी. १०८π ला ०.०१π ने भागले की १०,८०० सेंमी, म्हणजे १०८ मीटर. हवी होती १०० मीटर, मिळते आहे १०८. काम होणार, असे कागद म्हणतो.

या हिशेबात π ची किंमत कुठेही घातलेली नाही, आणि ते मुद्दाम. गोल, शंकू आणि वृत्तचिती या तिघांच्याही सूत्रात π आहे, त्यामुळे तो शेवटी जाणारच असतो. जो त्याला मध्येच आकड्यात बदलतो त्याचा घात कसा होतो ते पाहा. गोलाचे घनफळ ३.१४ घेऊन काढले तर ९०४.३२ येते. शंकूचे २२/७ घेऊन काढले आणि दोन दशांश स्थळे ठेवली तर ९.४३ येते. भागाकार ९५.९. शंकू अपूर्णांकात मोजता येत नाहीत, म्हणून खालचा पूर्णांक घेतला की ९५. एक आख्खा शंकू केवळ दोन वेगवेगळ्या π मुळे नाहीसा झाला. π तसाच ठेवला असता तर हा प्रसंग आलाच नसता.

उत्तर तोंडी पडताळायची एक सोय आहे, ती फारशी शिकवली जात नाही. गोलाइतकीच त्रिज्या आणि तिच्या चौपट उंची असलेला शंकू घेतला, तर त्याचे घनफळ गोलाएवढेच भरते. आपला गोल म्हणजे ६ सेंमी त्रिज्येचा, २४ सेंमी उंच शंकू. छोट्या शंकूच्या तुलनेत त्याची त्रिज्या चौपट, म्हणून तळाचे क्षेत्रफळ सोळापट, आणि उंची सहापट. सोळा सक ९६. कागद-पेन्सिल न लागता तेच उत्तर.

व्यास, त्रिज्या आणि एकक

मोजमाप नेहमी व्यासाचे होते, कारण कॅलिपर व्यासालाच लागतो. सूत्राला मात्र त्रिज्या हवी असते. दोन्हीकडे व्यासच घातला तर चूक दोन्ही बाजूंना सारखीच होईल आणि कटून जाईल, असा एक सोयीस्कर समज असतो. ती कटत नाही. गोलाच्या सूत्रात त्रिज्येचा घन आहे, म्हणून गोलाचे घनफळ आठपट होते. शंकूच्या सूत्रात वर्ग आहे, म्हणून ते चौपटच होते. ९६ च्या जागी १९२ येतात. नेमके दुप्पट उत्तर आले की पहिला संशय इथेच घ्यावा. गोलाची त्रिज्या बरोबर आणि शंकूला व्यास घातला तर २४ येतात, उलट केले तर ७६८.

उंचीचा घोटाळा याहून चोरटा आहे. शंकू तयार असेल तर पट्टी त्याच्या तिरक्या बाजूला लावणे सोपे जाते, आणि मिळते ती तिरकस उंची. आपल्या शंकूची तिरकस उंची ४.२७ सेंमी आहे. ती सूत्रात गेली तर ९६ ऐवजी ८९ शंकू येतात. हे उत्तर वेडेवाकडे दिसत नाही, म्हणून ते तसेच पुढे जाते. उभी उंची मोजायची तर शंकू सपाट फरशीवर ठेवून त्याच्या टोकावर आडवी पट्टी टेकवावी आणि फरशीपासून पट्टीपर्यंतचे अंतर घ्यावे.

तारेत एककाची गंमत आहे. तारेची त्रिज्या १ मिमी. ती सेंमीत न बदलता तशीच १ म्हणून घातली, तर १०८π भागिले १π म्हणजे १०८ येते. आकडा १०८, आणि बरोबर उत्तरही १०८. पण हे १०८ सेंटिमीटर आहेत आणि ते १०८ मीटर. आकडे जुळले म्हणून चूक दिसतच नाही. या १०८ सेंमीला खरा अर्थही आहे, तो पुढे तारेच्या कामात येतो.

घनफळ कायम राहते म्हणजे नेमके कधी

पुस्तकातले वाक्य असे असते: वितळवून नवी वस्तू केली तरी घनफळ बदलत नाही. हे वाक्य गोळा थंड असताना आणि शंकू थंड झाल्यावर, या दोनच क्षणांपुरते खरे आहे. मधल्या काळात ते साफ खोटे आहे.

कायम राहते ते वस्तुमान. थंड तांब्याची घनता ८.९६ ग्रॅम प्रति घन सेंमी. गोळ्याचे घनफळ २८८π म्हणजे ९०४.८ घन सेंमी, म्हणून वस्तुमान ८.१०७ किलो. हा गोळा १०८५ अंश सेल्सिअसला वितळला की रसाची घनता ८.०२ च्या आसपास येते. तेच ८.१०७ किलो आता सुमारे १,०११ घन सेंमी जागा व्यापतात. म्हणजे घनफळ साडेअकरा टक्क्यांहून जास्त वाढले. ९०५ घन सेंमी धातू आहे म्हणून धातू वितळवायचे भांडे, म्हणजे मूस, बरोबर एक लिटरची घेतली, तर ती काठोकाठ भरून रस बाहेर येईल. मूस निवडताना थंड घनफळ धरायचे नाही, आणि रसाच्या घनफळावरही हलवायला, उचलायला मोकळी जागा लागते.

शंकू थंड होऊन पुन्हा ८.९६ घनतेला आले की घनफळ परत जुळते. दोन्ही टोकांना तोच धातू, तेच तापमान, तीच घनता. म्हणून वस्तुमानाचे समीकरण घनफळाचे समीकरण बनते. ही अट मोडली की सूत्रही मोडते. तांब्यात जस्त मिसळून पितळ केले तर घनता बदलते, आणि मग फक्त वस्तुमानाची बेरीज चालते, घनफळाची नाही.

यातून पहिली प्रत्यक्ष कृती ठरते: कॅलिपर लावल्यावर गोळा काट्यावर ठेवायचा. १२ सेंमी व्यासाच्या भरीव तांब्याचे वजन ८.१०७ किलो यायला हवे. समजा ७.५ किलो आले. ७,५०० भागिले ८.९६ म्हणजे ८३७ घन सेंमी धातू. बाहेरून ९०५ आणि आत ८३७, म्हणजे ६८ घन सेंमीची पोकळी आत कुठेतरी आहे, किंवा धातू शुद्ध तांबे नाही. या गोळ्यातून ६० शंकू काढल्यावर तार ८६ मीटरच उरेल. व्यास मोजून ही गोष्ट कधीच कळली नसती.

काटा नसेल तर व्यासाच्या मोजणीत फार जपावे लागते, कारण तिथली चूक घनाने वाढते. १२ च्या जागी खरा व्यास ११.९ सेंमी असेल, केवळ एक मिलिमीटर कमी, तर घनफळ २८८π वरून २८०.९π वर येते. गोळा पूर्ण गोल असतोच असे नाही, म्हणून तीन वेगवेगळ्या दिशांनी व्यास घ्यावा. त्या तिन्हींत मिलिमीटरचा फरक निघाला तर सरळ वजनावर विसंबावे.

शंकूचा साचा किती मोठा

आता शंकूंकडे. हवा तो शंकू ३ सेंमी व्यासाचा आणि ४ सेंमी उंच, पण साचा त्याच मापाचा केला तर शंकू लहान निघतो. गोठलेला तांब्याचा तुकडा थंड होत घरच्या तापमानाला येईपर्यंत आक्रसतो. ओतकामात ज्यावरून साचा उठवतात तो नमुना तांब्यासाठी साधारण १.६ टक्के मोठा धरण्याची रीत आहे, म्हणजे दर मीटरला १६ मिमी. त्या हिशेबाने साच्याचा तळ ३.०५ सेंमी आणि उंची ४.०६ सेंमी हवी.

इथे दोन उलट चुका होतात. पहिलीत साचा नेमका ३ आणि ४ सेंमीचा केला जातो. थंड झालेला शंकू प्रत्येक दिशेने १.६ टक्के लहान, म्हणजे घनफळात साधारण पावणेपाच टक्के कमी. धातू वाचतो, तार वाढते, हिशेब खूश होतो, पण शंकू मापात बसत नाहीत आणि सगळे परत वितळवावे लागतात. दुसऱ्या चुकीत साचा बरोबर मोठा केलेला असतो, पण धातूचा हिशेब करणारा साच्याचे घनफळ धरतो. साच्याचे घनफळ ९.८८ घन सेंमी, शंकूचे ९.४२. त्याला वाटते की पूर्ण गोळ्यातून ९६ ऐवजी ९१ च शंकू होतील. होतात ९६, कारण साच्यातली ती जास्तीची जागा आक्रसण्यात जाते, धातूत नाही.

नियम साधा आहे. साचा करताना गरम माप, धातू मोजताना थंड माप. दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहिले तर त्यांच्यापुढे ‘साचा’ आणि ‘शंकू’ असे शब्द लिहून ठेवावेत, नुसते ३.०५ आणि ३ लिहिले की आठवड्याने कोणालाच कळत नाही.

आक्रसण्याचा दुसरा भाग याहून जास्त त्रास देतो. रस गोठताना, म्हणजे द्रवाचा घन होताना, तांबे ४ ते ५ टक्के आटते. हे आटणे साचा मोठा करून भरून निघत नाही, त्याला वरून रस पुरवावा लागतो. शंकूचा आकार या बाबतीत मेहरबान आहे. टोक खाली आणि तळ वर ठेवून ओतले, की बारीक टोक आधी गोठते, मग वरचा रुंद भाग, आणि वरचा रस खाली उतरत राहतो. शेवटी गोठतो तो तळाचा मध्यभाग, आणि खड्डा तिथेच पडतो. म्हणून तळाच्या वर थोडा जास्तीचा रस उभा राहील अशी जागा ठेवतात आणि थंड झाल्यावर तो भाग कापून तळ सपाट करतात. टोक वर ठेवून ओतले तर उलटे होते. बारीक टोकातून खालच्या जाड भागाला रस पुरवायचा असतो आणि ते टोकच आधी गोठून वाट बंद करते. मग तळाच्या जवळ, आतमध्ये, बाहेरून न दिसणारी पोकळी राहते.

आतली पोकळी आणखी एका कारणाने होते. वितळलेले तांबे हवेतला ऑक्सिजन आणि ओलाव्यातला हायड्रोजन शोषते. गोठताना हे दोन्ही मिळून वाफ होते आणि तिचे बुडबुडे धातूत अडकतात. म्हणून मूस, साचा आणि हत्यारे पूर्ण कोरडी लागतात (ओल्या साच्यात रस ओतला तर तो उडतो, हे वेगळे आणि जास्त गंभीर), आणि रसावर कोरड्या कोळशाचा थर ठेवतात, म्हणजे हवा लागत नाही.

पोकळी आहे की नाही हे पुन्हा काटाच सांगतो. नीट भरलेल्या शंकूचे वजन ९.४२५ गुणिले ८.९६, म्हणजे ८४.४ ग्रॅम. माप बरोबर आणि वजन ८२ ग्रॅम, तर सुमारे तीन टक्के पोकळी आहे. असे साठही शंकू असतील तर साधारण १४५ ग्रॅम तांबे त्यांच्यात गेलेच नाही, आणि ते तारेकडे जाऊन तार पाचएक मीटर वाढते. कागदावरच्या अंदाजापेक्षा तार जास्त भरली तर आनंद मानण्याआधी शंकू तोलून पाहावेत.

उरलेल्यावर सगळा भार

वितळवण्यात काही धातू जातोच. वर ऑक्साइडची मळी येते ती काढून टाकावी लागते, मुशीच्या कडांना थर चिकटतो, ओतताना थेंब उडतात. रस वाहून नेणाऱ्या वाटांत आणि कापून टाकलेल्या जास्तीच्या भागांत गोठलेला धातू मात्र गेलेला नसतो, तो परत मुशीत टाकायचा असतो. त्याला घटीत धरू नये, आणि परत वितळवायला विसरूही नये.

या प्रकरणात कायमची घट ३ टक्के धरू. दुसऱ्या भट्टीत, दुसऱ्या हातात ती वेगळी असेल. ओतण्याआधीचे आणि नंतरचे सगळे तोलून स्वतःचा आकडा काढावा.

३ टक्के घटीनंतर धातू उरतो २७९.३६π. पुष्कळ जण इथे तारेलाही ३ टक्के लावतात: १०८ मीटरचे ३ टक्के म्हणजे सव्वातीन मीटर, तार होईल १०४.८ मीटर, अजूनही १०० च्या वर. ही या सगळ्या प्रकरणातली मुख्य चूक आहे. शंकू ६० च हवेत आणि पूर्ण मापाचेच हवेत, म्हणून ते आपले १८०π पूर्ण घेतात. घटीतला वाटा ते उचलत नाहीत. सगळी घट उरलेल्यावर पडते:

२७९.३६π − १८०π = ९९.३६π, म्हणजे ९९.३६ मीटर तार.

एकूण धातूत ३ टक्के घट, पण तारेत ८ टक्के. १०८ पैकी ८.६४ मीटर गेले. १०० मीटर हवी होती, ६४ सेंमी कमी पडली. कागदावरचे ते ८ मीटर भरपूर वाटत होते कारण ते तारेच्या तुलनेत पाहिले जात होते. पूर्ण गोळ्याच्या तुलनेत ते २८८ पैकी ८, म्हणजे २.८ टक्केही नाहीत. वजनात सांगायचे तर साधारण २२५ ग्रॅम. एवढ्याहून जास्त धातू वाया गेला की तार अपुरी.

हीच गोष्ट इतर सगळ्या चुकांना लागू होते. शंकूच्या तळाचा व्यास साच्याच्या चुकीने ३ ऐवजी ३.०५ सेंमी निघाला, तर एक शंकू ३.३६ टक्के जास्त धातू खातो. साठ शंकू मिळून तारेची ६ मीटर लांबी घेऊन जातात. गोळ्याचा व्यास ११.९ सेंमी असून १२ धरला होता, तर घट नसतानाही तार १००.९ मीटर, आणि ३ टक्के घटीसह ९२.४ मीटर. शेवटच्या वस्तूचा धातूतला वाटा ठरलेला नसतो, म्हणून आधीच्या सगळ्यांचे देणे तीच फेडते.

तार कशी निघते

रसातून थेट २ मिमीची तार ओतत नाहीत. आधी जाड कांब ओततात, ती खाचांच्या रुळांतून लाटून बारीक करतात आणि मग डायमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या भोकातून, ओढतात. लाटण्यात आणि ओढण्यात धातू वितळत नाही, पण घनफळ इथेही कायम राहते, आणि मुशीतल्यापेक्षा जास्त प्रामाणिकपणे राहते, कारण तांबे आकार बदलते, घनता जवळजवळ बदलत नाही.

कांब २० मिमी व्यासाची ओतली असे धरा. तिची त्रिज्या १ सेंमी, छेद π चौरस सेंमी. म्हणून ९९.३६π घन सेंमी धातूची कांब ९९.३६ सेंमी लांब. तारेचा व्यास कांबेच्या दहावा हिस्सा, छेद शंभरावा हिस्सा, लांबी शंभरपट. कांबेचा एक सेंटिमीटर म्हणजे तारेचा एक मीटर. मघाशी एककाच्या चुकीतून निघालेले १०८ सेंमी ते हेच: घट नसती तर कांब तेवढी झाली असती.

हे प्रमाण काम करताना फार उपयोगी पडते. उभ्या साच्यात ओतलेल्या कांबेच्या वरच्या टोकाला आटण्याचा खड्डा पडतो आणि तो भाग कापावा लागतो. ४ सेंमी कापले म्हणजे ४ मीटर तार गेली. कांब दोन तुकड्यांत ओतली तर खड्डेही दोन. म्हणून वर जास्तीचा रस ठेवून खड्डा त्यातच पडू द्यावा, आणि कापलेले तुकडे साठवून पुन्हा वितळवावेत.

पुढे ८ मिमीपर्यंत लाटून नंतर डायमधून ओढायचे. ८ वरून २ मिमीला येताना छेद सोळावा हिस्सा होतो. प्रत्येक डायमध्ये छेद २० टक्के घटवला तर १३ डाय लागतात. एकदम मोठी घट मागितली तर तार ताणून तुटते. ओढताना तांबे कडक होत जाते, आणि ते फार कडक वाटले तर तापवून मऊ करावे लागते. डायमध्ये घालण्यासाठी तारेचे टोक निमुळते करतात आणि शेवटी ते कापून टाकतात. हे टोक ८ मिमीच्या टप्प्यावर १५ सेंमी कापले तर अंतिम तारेतून २.४ मीटर जातात; तेच २ मिमीला कापले तर फक्त १५ सेंमी. टोक कापायची घाई करू नये.

लांबी मोजायला १०० मीटर तार उलगडावी लागत नाही. २ मिमी तारेचे एक मीटर २८.१५ ग्रॅम भरते. पूर्ण गुंडाळी तोलली आणि २८.१५ ने भागले की लांबी मिळते, पण व्यास खरोखर २ मिमी असेल तरच. डाय झिजून भोक २.०५ मिमी झाले असेल, तर त्याच धातूची लांबी जवळपास ५ टक्के कमी भरते, आणि वजनावरून काढलेला आकडा मात्र खोटी पूर्ण लांबी दाखवतो. म्हणून मायक्रोमीटरने व्यास तीन-चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी घ्यावा, आणि नेमका कापलेला एक मीटर वेगळा तोलून पाहावा.

तूट कशी भरली

हिशेब असा थांबला होता: गोळा ८,१०७ ग्रॅम, साठ शंकू ५,०६७, घट २४३, तारेला उरले २,७९७ ग्रॅम, म्हणजे ९९.३६ मीटर. ६४ सेंमीची तूट.

एक शंकू कमी केला तर ३ मीटर तार वाढते आणि ती १०२.३६ मीटर होते, पण शंकू ५९ राहतात. शंकू पूर्णांकात उड्या मारतो, म्हणून ६४ सेंमीच्या तुटीसाठी ३ मीटरची किंमत मोजावी लागते. घट ३ वरून २.७ टक्क्यांवर आणणे हा दुसरा मार्ग. मळी काढताना तिच्याबरोबर चांगला रस ओढला जातो, तो वेचून परत टाकला तर एवढा फरक पडू शकतो. पण त्याची हमी आधी देता येत नाही.

तिसरा मार्ग तारेच्या वर्गात आहे. लांबी व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. शेवटची डाय २ मिमीऐवजी १.९९ मिमीची लावली, तर लांबी १ टक्क्याने वाढते:

९९.३६ × (२/१.९९)² = १००.३६ मीटर

मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने पूर्ण मीटर दिला. तारेच्या मापात एवढी सूट चालत असेल तर हाच स्वस्त उपाय, कारण शंकू साठच राहतात आणि भट्टीत काही बदलावे लागत नाही. अडचण एकच आहे. डाय वापरताना झिजते आणि भोक मोठेच होत जाते, म्हणून १.९९ ची डाय ओढता ओढता २.०० च्या दिशेने सरकते आणि मिळवलेला मीटर हळूहळू परत घेते. गुंडाळीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा व्यास दोन्ही मायक्रोमीटरखाली घ्यायचे ते यासाठी, शेवट १.९९५ च्या वर गेलेला दिसला, तर मधली सरासरी काढून लांबी पुन्हा मोजायची.